पगार दोन खात्यांत हवा असेल, तर अर्जात टक्का लिहू नका

प्रश्न: ताई, मी बुटीबोरी एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. महिन्याला हातात ४१,८०० येतात. ओव्हरटाइम झाला तर जास्त, बिनपगारी सुट्टी पडली तर कमी. गाडीचा हप्ता धरून घर चालवायला सव्वीस हजार तरी लागतातच. उरलेले बाजूला टाकायचं ठरवतो, पण वीस तारखेपर्यंत खातं रिकामं होऊन राहते. म्हणून कंपनीला अर्ज द्यावा म्हणतो, की ऐंशी टक्के पगार घरखर्चासाठी बायकोच्या खात्यात आणि वीस टक्के माझ्या बचतीच्या खात्यात टाका. असं मागता येते का? अर्ज कसा लिहू? (एक वाचक, मनीषनगर, नागपूर)

भाऊ, मागता येतं. पण तुम्ही म्हणता तसा अर्ज गेला तर तो परत येईल, आणि दोष कंपनीचा नसेल. मी स्वतः बावीस वर्षं पगारपत्रक केलं आहे. असे अर्ज माझ्या टेबलावर येत, तेव्हा काही मी त्याच महिन्यात लागू केले आणि काही फाइलला लावून ठेवले. फरक अर्ज कसा लिहिलाय याचाच असायचा. म्हणून टेबलाच्या त्या बाजूनं सांगते.

आधी बायकोच्या खात्याचं. पगार तुमचा, म्हणून तो तुमच्याच खात्यात द्यायचा असतो. उद्या काही वाद झाला, तर तुम्हाला पगार मिळाल्याचा कंपनीकडचा पुरावा म्हणजे तुमच्या खात्यावरची ती जमा. दुसऱ्याच्या नावावर पैसे गेले की तो पुरावा लंगडा पडतो. त्यामुळे शहाणा अकाउंटंट इथे नाहीच म्हणणार, आणि त्यानं तसंच म्हणावं. तुमचं आणि वहिनींचं संयुक्त खातं असेल आणि त्यात तुमचं नाव पहिलं असेल, तर बहुतेक कंपन्या चालवून घेतात. तुमच्या बाबतीत मात्र मी त्याहून सोपी वाट सुचवते. सध्या पगार जमा होतो तेच खातं घरखर्चाचं राहू द्या आणि त्यात वहिनींचं नाव जोडता येतं का, ते बँकेत विचारा. सॅलरी खात्यात दुसरं नाव घ्यायला काही बँका तयार होतात, काही नाही. नाही झालं, तर पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरावीक रक्कम त्यांच्या खात्यात आपोआप जाईल, अशी सूचना बँकेलाच देऊन ठेवा. त्यात कंपनीला गुंतवायची गरज नाही.

मूळ खातं न बदलण्याचं आणखी एक कारण आहे. तुमचा गाडीचा हप्ता त्याच खात्यातून जात असणार, आणि पीएफच्या नोंदीलाही बहुधा तेच खातं जोडलेलं असणार. ते बदललं की हप्त्याची परवानगी नव्यानं द्या, पीएफच्या नोंदीत बदल करा, ही सगळी कामं मागे लागतात. शिवाय सॅलरी खात्यात काही महिने पगार आलाच नाही, तर बँक त्याला साधं बचत खातं करते आणि किमान शिल्लक ठेवायला लावते. म्हणून मूळ खातं तसंच ठेवा आणि नवीन खातं फक्त बचतीचं करा.

आता टक्केवारी. वीस टक्के ऐकायला छान वाटतं, पण दर महिन्याला काय होईल ते बघा. साध्या महिन्यात ४१,८०० चे वीस टक्के ८,३६० होतात. समजा तीन दिवस बिनपगारी गेले आणि हातात ३७,६५० आले, तर ७,५३०. ओव्हरटाइमच्या महिन्यात ४६,३०० आले, तर ९,२६०. फेब्रुवारीत व्यवसाय कर दोनशेऐवजी तीनशे कापला जातो, म्हणजे एकही सुट्टी न घेता तुमच्या हातात येणारा आकडा शंभरानं हलला. अकाउंट्समधल्या माणसाला दर महिन्याला तुमच्या एकट्यासाठी नवा हिशोब करावा लागणार, आणि पगाराच्या आदल्या संध्याकाळी तीनचारशे माणसांचं पत्रक समोर असताना तो ते करणार नाही. पुढचा त्रास तुम्हालाच. बचतीच्या खात्यातून आठ हजारांची आरडी लावली असेल, तर ७,५३० आलेल्या महिन्यात तो हप्ता चुकेल.

म्हणून टक्का सोडा आणि ठाम रकमेनं मागा: दर महिन्याला ८,००० दुसऱ्या खात्यात, उरलेला सगळा पगार पहिल्या खात्यात. अकाउंट्सला तुमच्या नावापुढे एकच आकडा एकदाच भरायचा, बाकीची वजाबाकी एक्सेल करतं. साध्या महिन्यात घराकडे ३३,८०० येतील, सुट्टीच्या महिन्यात २९,६५०, ओव्हरटाइमच्या महिन्यात ३८,३००. तिन्ही वेळा तुमचे सव्वीस हजार सुटतात.

पण कधी आजारपणात दहाबारा दिवस गेले तर? त्या महिन्यासाठी अर्जात एक ओळ हवीच, आणि हीच ओळ लोक विसरतात. घराचे २६,००० आणि बचतीचे ८,००० मिळून ३४,००० होतात. निव्वळ पगार त्याच्या खाली गेला, तर त्या महिन्यापुरता सगळा पगार पहिल्याच खात्यात टाकावा, असं लिहून ठेवायचं. नाहीतर आजारपणाच्या महिन्यातही आठ हजार बचतीत जातील आणि इकडे गाडीचा हप्ता बाउन्स होईल. त्याचा दंड फायनान्सवाला वेगळा घेईल आणि बँक वेगळा.

एक शब्द अर्जात चुकूनही लिहू नका: 'कपात'. 'माझ्या पगारातून आठ हजार कपात करून बचत खात्यात टाकावे' असं पुष्कळ जण लिहितात. अकाउंट्समधला नवखा मुलगा ते शब्दशः घेतो, सॉफ्टवेअरमध्ये कपातीचा एक नवा रकाना उघडतो आणि तुमच्या सॅलरी स्लिपवर निव्वळ पगार ४१,८०० ऐवजी ३३,८०० छापून येतो. एक तर पगारातून काय कापायचं हे कायद्यानं ठरलेलं असतं, ते असं मनानं वाढवायचं नसतं. दुसरं म्हणजे उद्या घराच्या कर्जासाठी ती स्लिप बँकेत ठेवली, की तुमची ऐपत आठ हजारांनी कमी धरली जाईल. तुम्हाला कपात नको आहे. पूर्ण पगारच हवा आहे, फक्त दोन ठिकाणी जमा. म्हणून 'विभागून जमा करावा' असं लिहा आणि स्लिपवरचा निव्वळ पगार पूर्ण दिसावा, हेही लिहा. पीएफ, कर, फॉर्म सोळा यांचा या विभागणीशी काही संबंध येत नाही. ते पूर्ण पगारावरच चालतात.

मी तुमच्या जागी असते तर असा अर्ज दिला असता:

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
(कंपनीचं नाव आणि पत्ता)

विषय: मासिक वेतन माझ्या दोन बँक खात्यांत विभागून जमा करण्याबाबत विनंती.

महोदय,

मी (नाव, कर्मचारी क्रमांक, विभाग) आपल्या कंपनीत कार्यरत आहे. माझे वेतन सध्या (बँक, शाखा) येथील खात्यात जमा होते. घरखर्च आणि बचत वेगळी ठेवता यावी, म्हणून (महिना, वर्ष) च्या वेतनापासून माझे निव्वळ वेतन पुढीलप्रमाणे विभागून जमा करावे, ही विनंती.

खाते दुसरे (बचत): दरमहा ८,००० रुपये, अक्षरी आठ हजार रुपये फक्त.
खाते पहिले (सध्याचे वेतन खाते): उर्वरित संपूर्ण रक्कम.

एखाद्या महिन्यात निव्वळ वेतन ३४,००० रुपयांपेक्षा कमी असल्यास त्या महिन्याचे संपूर्ण वेतन पहिल्या खात्यात जमा करावे. बोनस, थकबाकी व अन्य देय रकमा पहिल्याच खात्यात जमा कराव्यात. ही कपात नसून केवळ जमा करण्याची विभागणी आहे, त्यामुळे वेतनपावतीवर निव्वळ वेतन पूर्ण दर्शवावे.

दोन्ही खाती माझ्या स्वतःच्या नावावर आहेत. दुसऱ्या खात्याचा रद्द केलेला धनादेश सोबत जोडला आहे. वरीलप्रमाणे दोन्ही खात्यांत जमा झालेली एकूण रक्कम म्हणजे मला मिळालेले पूर्ण वेतन, हे मला मान्य आहे. मी लेखी कळवेपर्यंत ही व्यवस्था चालू ठेवावी.

आपला विश्वासू,
(सही, नाव, दिनांक)

दुसऱ्या खात्याचा तपशील: खातेदाराचे नाव (बँकेत आहे तसे), बँक, शाखा, खाते क्रमांक, एकूण अंक, आयएफएससी.

पहिल्या खात्यात वहिनींचं नाव जोडून घेतलं, तर 'पहिल्या खात्यात माझे नाव प्रथम आहे' इतकी भर घाला. 'दोन्ही मिळून पूर्ण वेतन' हे वाक्य कंपनीसाठी आहे. उद्या कोणी 'मला ३३,८०० च मिळाले' म्हणेल, ही भीती कंपनीला असते, आणि या एका वाक्यानं ती जाते. दिवाळीचा बोनस मी मुद्दाम पहिल्या खात्यातच ठेवला. तो बचतीत जावा असं वाटणं स्वाभाविक आहे, पण अर्जात जितक्या अटी, तितकी तो बाजूला पडण्याची शक्यता. बोनस वर्षातून एकदाच येतो. तो तुम्ही स्वतः वळवा.

शेवटच्या ओळीत 'एकूण अंक' का लिहायला सांगितले, ते सांगते. कंपनी पगार कसा पाठवते? एक एक्सेलची फाइल बनते. त्यात नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, रक्कम. ती बँकेच्या पोर्टलवर चढवतात, एक जण भरतो, दुसरा मंजूर करतो. आता एक्सेलची खोड अशी, की आकडा पंधरा अंकांपेक्षा मोठा झाला की पुढचे अंक ते शून्य करून टाकतं. काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी असतात. रकाना आधी 'टेक्स्ट' करून घेतला नाही, तर शेवटचा ७ गुपचूप ० होतो. क्रमांक शून्यानं सुरू होत असेल, तर सुरुवातीची शून्यं गळून पडतात. अर्जावर 'एकूण १६ अंक' लिहिलेलं असलं, की भरणारा एकदा मोजतो.

आणि अर्ज मराठीत लिहा, पण खाते क्रमांक इंग्रजी अंकांतच. हे मी अनुभवानं सांगते. मी तेव्हा नोकरीत नवीन होते. एका हेल्परनं सुंदर अक्षरात मराठी अर्ज दिला होता, खाते क्रमांकही देवनागरीत. त्याचा १ मी ९ वाचला. घाईच्या हातानं लिहिलेले हे दोन अंक जवळ ठेवून बघा, म्हणजे कळेल. कॅन्सल चेक मागवायचा राहिला होता. दुर्दैवानं तो चुकीचा क्रमांकही कुणाच्या तरी वापरातल्या खात्याचा निघाला. अशा जमेत बँक क्रमांक बघते, नाव पडताळत नाही. पैसे परक्या माणसाच्या खात्यात गेले आणि ते परत मिळवायला जवळपास दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत त्या भावाच्या घरी काय झालं असेल, ते मला अजून आठवतं. तेव्हापासून कॅन्सल चेकशिवाय मी एकही खातं बदललं नाही. तुमच्याकडे चेकबुक नसेल, तर पासबुकाचं पहिलं पान शाखेतून शिक्का मारून घ्या.

पासबुक जुनं असेल तर आणखी एक गोष्ट बघा. २०१९ आणि २०२० मध्ये बऱ्याच सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या: देना, विजया, आंध्रा, कॉर्पोरेशन, सिंडिकेट, अलाहाबाद, ओरिएंटल, युनायटेड. त्यांच्या शाखांचे आयएफएससी नंतर बदलले. कपाटातलं जुनं खातं बचतीसाठी वापरायचा विचार असेल, तर आधी शाखेत जाऊन नवा कोड घ्या. कोड अकरा अक्षरांचा असतो आणि पाचवी जागा शून्याची असते. तिथे 'ओ' अक्षर नाही, शून्य.

अर्ज कोणाला आणि कधी द्यायचा, यालाही महत्त्व आहे. पत्र मनुष्यबळ विभागाच्या नावानं द्या, पण देण्याआधी अकाउंट्समध्ये जो प्रत्यक्ष पगार करतो, त्याला जाऊन भेटा आणि इतकंच विचारा, 'सॉफ्टवेअरमध्ये एका माणसाला दोन खाती लागतात का, आणि बदल किती तारखेपर्यंत घेता?' बहुतेक ठिकाणी महिन्याच्या वीसबावीस तारखेनंतर आलेला बदल पुढच्या महिन्यात ढकलला जातो. सॉफ्टवेअर दोन खाती घेत असेल, तर तुमचं काम दहा मिनिटांचं. घेत नसेल, तर त्याला दर महिन्याला फाइलमध्ये हातानं एक ओळ वाढवावी लागेल. मग तो हो म्हणेल की नाही, हे त्याच्यावर आणि साहेबांवर. कारण पगार दोन खात्यांत मागण्याचा हक्क कायदा तुम्हाला देत नाही. ही विनंतीच आहे, आणि अर्जाची भाषाही विनंतीचीच ठेवा. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्या.

पहिल्या पगाराला घाई करू नका. दोन मेसेज यायला हवेत, पण ते एकत्र येतीलच असं नाही. कंपनीचं खातं ज्या बँकेत आहे त्याच बँकेतली जमा लगेच दिसते. दुसऱ्या बँकेतली एनईएफटीनं येते. एनईएफटीच्या खेपा दर अर्ध्या तासानं निघतात, रविवारीसुद्धा, त्यामुळे ती काही तासांत यायला हवी. दोन्ही आकड्यांची बेरीज सॅलरी स्लिपवरच्या 'नेट पे'शी जुळवा. दुसऱ्या दिवशीही आठ हजार दिसले नाहीत, तर बहुतेक वेळा क्रमांक किंवा कोड चुकल्यानं रक्कम कंपनीच्या खात्यात परत गेलेली असते आणि कोणाच्या लक्षात आलेलं नसतं. तेव्हा 'पगार आला नाही' असं न म्हणता 'माझ्या आठ हजारांचं रिटर्न आलंय का आणि यूटीआर क्रमांक काय' असं विचारा. यूटीआर म्हणजे बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक. तो विचारला, की उत्तर लवकर मिळतं.

बचतीचं खातं उघडताना ते फोनवरच्या यूपीआयला जोडू नका. पैसे वेगळ्या खात्यात असले तरी बर्डीवर खरेदी करताना ते त्याच फोनमध्ये दिसत असतील, तर वीस तारखेची गोष्ट पुन्हा तशीच होईल. किमान शिल्लक किती ठेवावी लागते, ते आधी विचारा आणि नॉमिनी म्हणून वहिनींचं नाव लावून घ्या. पुढेमागे घराचं कर्ज काढायचं झालं, तर बँकेला दोन्ही खात्यांचे सहा महिन्यांचे उतारे स्लिपांसोबत द्या. एकाच खात्याचा दिलात, तर पगार ३३,८०० च धरला जाईल.

आणि साहेब नाही म्हणाले तर? मग पगाराच्या खात्यावरच बँकेला स्थायी सूचना द्या, म्हणजे दर महिन्याला ठरल्या तारखेला आठ हजार बचतीच्या खात्यात जातील. परिणाम जवळपास तोच, फक्त दोन ठिकाणी सांभाळावं लागतं. पहिलं, बँकेला तुमचा पगार कमी आला हे कळत नाही, त्यामुळे आजारपणाच्या महिन्यात ती सूचना तुम्हालाच थांबवावी लागेल. दुसरं, तारीख. गेल्या सहा महिन्यांचे पगाराचे मेसेज काढून सगळ्यात उशिराची तारीख बघा. कधी एक, कधी तीन, एखाद्या वेळी सात असेल, तर सूचना आठ तारखेची लावा. एक तारखेची लावलीत आणि पगार तीनला आला, तर खात्यात पैसे नसल्यानं सूचना फसेल आणि काही बँका त्याचाही आकार लावतात. गाडीचा हप्ता पाच तारखेला जात असेल, तर तो आधी, बचत नंतर, हा क्रम आपोआपच बसतो.